शिखर आयनाचे, नाव ऑर्बिटलचे

नायट्रोजनच्या फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटात तीन पट्टे ठळक दिसतात. पहिला 15.58 इलेक्ट्रॉनव्होल्टला सुरू होतो, दुसरा 16.7 च्या आसपास आणि तिसरा 18.75 ला. पाठ्यपुस्तकात या वर्णपटाशेजारी रेण्वीय ऑर्बिटलांची शिडी काढलेली असते आणि प्रत्येक पट्ट्यापासून एकेका पायरीपर्यंत तुटक रेघ ओढलेली असते. पहिला पट्टा सिग्माचा, दुसरा पायचा, तिसरा पुन्हा सिग्माचा. हे चित्र पाहून विद्यार्थ्याची समजूत होते की रेणूच्या आत इलेक्ट्रॉन ठरावीक उंचीच्या पायऱ्यांवर बसलेले असतात आणि हे उपकरण त्या पायऱ्यांची उंची मोजते. चित्र उपयोगी आहे, पण त्यातून होणारी समजूत चुकीची आहे. ती चूक कुठे आहे, हे त्याच नायट्रोजनवर स्पष्ट दाखवता येते.

आधी उपकरण नेमके काय मोजते ते पाहू. हेलियमच्या दिव्यातून 21.22 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे फोटॉन निघतात. विरळ वायूतल्या रेणूवर असा एक फोटॉन आदळला की एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि विश्लेषक त्याची गतिज ऊर्जा मोजतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात डेव्हिड टर्नर यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हे तंत्र रेणूंसाठी उभे केले. नायट्रोजनमधून 5.64 इलेक्ट्रॉनव्होल्ट गतिज ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आले, तर ते 21.22 मधून वजा करून 15.58 मिळतात. प्रत्यक्ष मोजमाप एवढेच आहे. ही वजाबाकी ऊर्जेच्या अक्षय्यतेवर उभी आहे आणि तिच्यात ऑर्बिटल कुठेच येत नाही. मिळालेला आकडा म्हणजे दोन अवस्थांमधला फरक: एका बाजूला चौदा इलेक्ट्रॉनांचा नायट्रोजन रेणू, दुसऱ्या बाजूला तेरा इलेक्ट्रॉनांचा त्याचा धन आयन. पट्टे तीन आहेत, कारण आयन तीन वेगवेगळ्या अवस्थांत मागे उरू शकतो.

मग ऑर्बिटलची ऊर्जा या आकड्याला कशी चिकटली? चालिंग कूपमन्स यांनी 1934 मध्ये दाखवलेल्या एका निष्कर्षामुळे. (पुढे हेच कूपमन्स अर्थशास्त्राकडे वळले आणि 1975 चे नोबेलही त्यांना अर्थशास्त्रातच मिळाले.) हार्ट्री–फॉक पद्धतीत प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्या सगळ्यांच्या सरासरी क्षेत्रात फिरतो असे मानतात. त्या चित्रात, सगळे इलेक्ट्रॉन जोडीत असलेल्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढला आणि उरलेल्यांची ऑर्बिटले जशीच्या तशी गोठवून ठेवली, तर लागणारी ऊर्जा ऑर्बिटलच्या ऊर्जेइतकीच, फक्त उलट्या चिन्हाची येते. या विधानातली अट विसरली जाते, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. खऱ्या आयनात काहीही गोठलेले नसते. एक इलेक्ट्रॉन गेला की उरलेल्यांवरचा पडदा कमी होतो, ते आत ओढले जातात आणि आयन अधिक स्थिर होतो. म्हणून गोठवलेला हिशेब आयनीभवन ऊर्जा जास्त दाखवतो. दुसरी उणीव उलट दिशेने जाते. इलेक्ट्रॉन एकमेकांना क्षणोक्षणी चुकवत फिरतात, पण सरासरी क्षेत्राला हे सहसंबंधन दिसत नाही. मूळ रेणूत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या अधिक असल्याने तिथे हे नुकसान साधारणपणे मोठे असते, त्यामुळे हिशेब आयनीभवन ऊर्जा कमी दाखवतो. दोन चुका विरुद्ध दिशेच्या असल्यामुळे बरेचदा एकमेकींना खातात. कूपमन्सचे आकडे प्रयोगाच्या जवळ येतात ते बहुतांशी या योगायोगामुळे.

नायट्रोजनमध्ये हा योगायोग साथ देत नाही. हार्ट्री–फॉकची गणना शक्य तितक्या मोठ्या आधारसंचाने, म्हणजे तिच्या मर्यादेपर्यंत नेली, तर वरचे सिग्मा ऑर्बिटल सुमारे 17.3 इलेक्ट्रॉनव्होल्ट खोल येते आणि पाय ऑर्बिटल सुमारे 16.7. म्हणजे सर्वांत सैल इलेक्ट्रॉन पायचा ठरतो. प्रयोगात मात्र पहिला पट्टा 15.6 ला आहे आणि दुसऱ्याचा मध्य 17.0 च्या जवळ. पायची चूक जेमतेम पाव इलेक्ट्रॉनव्होल्ट, सिग्माची 1.7. खालच्या दुसऱ्या सिग्मासाठी गणना 21.2 सांगते आणि प्रयोग 18.8, म्हणजे तिथे चूक आणखी मोठी. चुका सारख्या नसल्यामुळे वरच्या दोन पायऱ्यांचा क्रमच उलटा होतो. आयनाची ऑर्बिटले मोकळी सोडून वेगळी गणना केली तरी हा क्रम सुलटा होत नाही. त्यासाठी सहसंबंधन हिशेबात घ्यावेच लागते. यात एक फसवा भागही आहे. STO-3G सारख्या अगदी लहान आधारसंचाने गणना केली तर क्रम प्रयोगासारखाच येतो. गणना जसजशी सुधारत जाते, तसतसे उत्तर बिघडते. उत्तर जुळले म्हणजे चित्र बरोबर, असे मानणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

यावर कोणी म्हणेल की दोष गणनेचा आहे. हार्ट्री–फॉक अपुरी आहे, पण खऱ्या ऑर्बिटलांचा क्रम प्रयोगाने दाखवलाच की: आधी सिग्मा, मग पाय. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण खरी ऑर्बिटले म्हणजे कोणती, हे त्यात सांगितलेले नसते. ऑर्बिटल आणि त्याची ऊर्जा या निकटनाच्या भाषेतल्या गोष्टी आहेत. चौदा इलेक्ट्रॉनांच्या अचूक तरंगफलात प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतःची पायरी नसते. प्रयोगाने जे निर्विवाद सांगितले ते असे: नायट्रोजन आयनाची सर्वांत खालची अवस्था सिग्मा सममितीची आहे आणि पाय सममितीची अवस्था तिच्या वर आहे. हे विधान आयनाबद्दल आहे. त्याला मूळ रेणूतल्या पायऱ्यांचा क्रम म्हणणे हा आपण दिलेला अर्थ झाला.

पण मग तो पट्टा सिग्माचा आणि हा पायचा, हे तरी कशावरून ठरले? उत्तर पट्ट्यांच्या आकारात आहे, आणि ऑर्बिटलचे चित्र आपली खरी किंमत इथेच दाखवते. पहिला पट्टा जवळून पाहिला तर त्यात एकच उंच, टोकदार रेषा असते आणि तिच्या मागे कंपनाच्या एक-दोन किरकोळ रेषा. बंधाची लांबी फारशी बदलली नाही, एवढाच याचा अर्थ. ती 1.098 अँगस्ट्रॉमवरून 1.116 झाली. दुसऱ्या पट्ट्यात रेषांची लांब माळ दिसते. तिच्यातली पहिली रेषा सर्वांत उंच नसते आणि रेषांमधले अंतर सुमारे 0.23 इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. मूळ रेणूत कंपनाची हीच पायरी 0.29 ची आहे. बंध सैल झाला आणि 1.175 पर्यंत लांबला. याचा सरळ अर्थ असा की बंध घट्ट धरून ठेवणारा इलेक्ट्रॉन गेला, आणि पाय ऑर्बिटलकडून आपली अपेक्षा तीच असते. तिसऱ्या पट्ट्यात कंपनाची पायरी मूळ रेणूपेक्षा किंचित मोठी होते आणि बंध आखूड होतो, म्हणजे गेलेला इलेक्ट्रॉन बंधाला थोडा विरोधच करत होता. म्हणून माझे मत असे की ऑर्बिटलचे चित्र ऊर्जेच्या आकड्यांपेक्षा बंधाच्या या वागण्यात अधिक विश्वासू ठरते. कोणता इलेक्ट्रॉन गेला हे ते चांगले सांगते, पण किती ऊर्जा लागली हे सांगताना चुकू शकते.

दुसरा गैरसमज मोजणीचा आहे: जितकी ऑर्बिटले तितके पट्टे. सगळे इलेक्ट्रॉन जोडीत असलेल्या लहान रेणूंत हे बऱ्याच अंशी चालते. ऑक्सिजनमध्ये चालत नाही, कारण त्याच्या वरच्या पाय ऑर्बिटलांत दोन इलेक्ट्रॉन एकटे आणि समांतर फिरकीचे असतात. त्याच्या भरलेल्या सिग्मा ऑर्बिटलमधून एक इलेक्ट्रॉन काढला की मागे उरलेल्या एकट्याची फिरकी त्या दोघांशी समांतर राहू शकते किंवा विरुद्ध. त्यातून आयनाच्या दोन वेगळ्या अवस्था होतात आणि वर्णपटात दोन पट्टे दिसतात, एक 18.2 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ आणि दुसरा 20.3 ला. दोन्हींचे ऑर्बिटल एकच आहे. पट्टा ही ऑर्बिटलची उंची असती, तर एकाच पायरीला दोन उंची असल्याचे मान्य करावे लागले असते. आयनाच्या भाषेत मात्र यात कोडे काहीच नाही.

तिसरी मर्यादा अधिक खोल जाते, आणि ती पाहायला हेलियमचा साधा दिवा पुरत नाही. नायट्रोजनच्या आतल्या सिग्मा ऑर्बिटलची, म्हणजे मुख्यतः 2s इलेक्ट्रॉनांपासून बनलेल्या ऑर्बिटलची, हार्ट्री–फॉक ऊर्जा सुमारे 40 इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. तिथवर पोचायला क्ष-किरण किंवा सिंक्रोट्रॉनचा प्रकाश वापरतात. त्या भागात एक नेटका पट्टा मिळावा अशी अपेक्षा असते, पण मिळतो तो 37-38 च्या आसपास पसरलेला पुंजका, अनेक अवस्थांमध्ये विभागलेला. कारण तेवढ्या ऊर्जेत आयनाला दुसराही मार्ग असतो: बाहेरचा एक इलेक्ट्रॉन निघून जातो आणि त्याच वेळी दुसरा रिकाम्या ऑर्बिटलात चढतो. अशा अवस्थांची ऊर्जा आतला इलेक्ट्रॉन नुसता काढण्याच्या ऊर्जेजवळ आली की त्या एकमेकींत मिसळतात. मग कुठल्याच एका रेषेवर त्या ऑर्बिटलचे नाव लिहिता येत नाही, कारण त्याचा वाटा सगळ्यांमध्ये थोडाथोडा गेलेला असतो. 25 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढेही एक दुबळा पट्टा आहे आणि एका इलेक्ट्रॉनच्या चित्रात त्याला जागाच नाही. हार्ट्री–फॉकच्या यादीत 21 आणि 40 यांच्या मध्ये एकही पायरी नाही. असा अनाहूत पट्टा दिसला की कूपमन्सचा हिशेब बाजूला ठेवावा.

हे सगळे मान्य केल्यावर ऑर्बिटल टाकूनच द्यावे, असे कोणी सुचवले तर ते मला पटत नाही. मूळ रेणूचा तरंगफल आणि आयनाच्या एका अवस्थेचा तरंगफल यांची तुलना केली की त्यांच्यातला फरक एका इलेक्ट्रॉनच्या फलनात मांडता येतो. त्याला डायसन ऑर्बिटल म्हणतात. ते अचूक सिद्धांतातूनही निघते, आणि त्याच्या मोजमापावरून त्या अवस्थेत एका इलेक्ट्रॉनचे चित्र किती टिकले हे कळते. नायट्रोजनच्या पहिल्या तीन पट्ट्यांसाठी हे माप एकाच्या जवळ असते, म्हणून तिथे नावे द्यायला हरकत नाही. आतल्या पुंजक्यात ते तुकड्या-तुकड्यांत वाटले जाते.

शिकवणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. फळ्यावर नायट्रोजनचा वर्णपट काढताना 15.58 च्या शिखरावर आधी आयनाच्या अवस्थेचे नाव लिहा, आणि ऑर्बिटलचे नाव त्याखाली कंसात. शेजारच्या शिडीवर हार्ट्री–फॉकचे 16.7 आणि 17.3 हे आकडेही लिहा. तुटक रेघा तिथे एकमेकींना छेदतील, त्या तशाच छेदू द्या.