भर चौकात मागितलेली माफी

आईशी कडाक्याचं भांडण झालं तर माणूस फार तर दार आपटून निघून जातो, फोन उचलत नाही, सणासुदीला घरी फिरकत नाही. अमेरिकेतल्या एमिनेम या रॅप गायकाने त्याच्याही पुढे जाऊन आईवर गाणंच केलं. २००२ साली आलेल्या त्या गाण्यात त्याने तिची अब्रू जगासमोर काढली. त्यानंतर अकरा वर्षांनी, नोव्हेंबर २०१३मध्ये, त्याचं दुसरं गाणं आलं, ‘हेडलाइट्स’ नावाचं. म्हणायला ते गाणं. सुरुवातीच्या ओळी सोडल्या तर त्यात तो सरळ आईशी बोलतो, तिला नावाने हाक मारतो आणि शेवटी हा निरोप तुझ्यापर्यंत पोचू दे, असं म्हणून थांबतो. मी तरी त्याला पत्रच म्हणते. ‘गली बॉय’मुळे आपल्याकडेही रॅप म्हणजे काय ते बऱ्याच घरांत कळलंय. पोरांनी आपला राग तालावर सांगायचा, हे त्याचं मूळ. याच राग सांगणाऱ्या गायनात माफी मागायची वेळ आली तर काय होतं, ते ‘हेडलाइट्स’मध्ये दिसतं.

आधी भांडण समजून घ्यायला हवं. एमिनेमचं खरं नाव मार्शल मॅदर्स. १७ ऑक्टोबर १९७२ला मिझुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावी तो जन्मला, तेव्हा त्याची आई डेबी होती १७ वर्षांची. बाप लवकरच सोडून गेला. आई मुलाला घेऊन कधी मिझुरीत, कधी डेट्रॉइटच्या आसपास अशी घरं बदलत राहिली. १९८६ साली तिला दुसरा मुलगा झाला, नेथन. तो आठ वर्षांचा असताना सरकारी यंत्रणेने त्याला आईकडून काढून परक्या घरी सांभाळायला ठेवलं. आई गोळ्यांच्या आहारी गेलेली आहे, असं थोरल्याचं म्हणणं. आपण तसं काही केलंच नाही, असं आईचं म्हणणं. खरं कुणाचं, हे बाहेरच्याने ठरवू नये. त्या घरात कुणालाच स्वस्थता नव्हती, एवढं मात्र दोघांच्याही सांगण्यातून कळतं.

१९९९ साली मुलाचं नाव झालं. ज्या गाण्याने झालं त्यातच त्याने आईच्या नशापाण्यावर विनोद केला होता, मुलाखतींतही तेच बोलला. आईने त्याच्यावर बदनामीचा दावा लावला, एक कोटी डॉलरचा. २००१मध्ये तडजोड झाली ती २५ हजारांवर. त्यातले २३ हजारांहून अधिक तिच्या आधीच्या वकिलाला द्यावेत, असा न्यायालयाने निकाल दिला आणि तिच्या हाती जेमतेम १,६०० डॉलर उरले. आई आणि मुलगा वकिलांमार्फत बोलू लागले की घरातलं भांडण घरात मिटायची वाट जवळपास बंद होते. इथे तसंच झालं.

मग आलं २००२चं गाणं, ‘क्लीनिंग आउट माय क्लॉझेट’. लहानपणी आपल्याला काही झालेलं नसताना आईने आपण आजारी आहोत असं मनावर बिंबवलं, हा त्यातला मोठा आरोप. पण आरोपांपेक्षा शेवटाकडे केलेले दोन वार जास्त खोल गेले असणार. माझी मुलगी किती गोड दिसते ते तुला कधी बघायला मिळणार नाही, ती तुझ्या अंत्यविधीलाही येणार नाही, हा पहिला. आणि मी तुझ्यासाठी मेलो असं समज, हा दुसरा. हे गाणं लाखोंनी ऐकलं. मैफिलींत हजारो पोरं त्याच्याबरोबर ते तोंडपाठ म्हणायची. ज्या बाईबद्दल ते होतं तिला रेडिओ लावायचीही चोरी झाली असेल. २००८मध्ये डेबीने आपली बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं. पण गाण्याला पुस्तकाने उत्तर देता येत नाही, पुस्तक कुणी गुणगुणत नाही.

मधल्या काळात मुलाचं आयुष्य ढासळलं होतं. जिवलग मित्र प्रूफ २००६मध्ये गोळीबारात गेला. स्वतः एमिनेम झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेला आणि डिसेंबर २००७मध्ये मेथडोनच्या अतिसेवनाने मरता मरता वाचला. एप्रिल २००८पासून त्याने नशेला हात लावलेला नाही. ज्या गोळ्यांवरून त्याने आईला जगापुढे उभं केलं, तसल्याच गोळ्यांनी त्याला जमिनीवर आणलं. ‘हेडलाइट्स’मध्ये हे तो असं उघड बोलत नाही. तरी व्यसन हा आजार असतो, हे अंगावर घेतल्यानंतरच त्याला ते गाणं सुचलं असावं, असं मला वाटतं. कारण आईच्या हातून जे झालं त्यात तिचा दोष नव्हता, हे वाक्य २००२चा मार्शल उच्चारूच शकला नसता.

आता पत्राकडे येऊ. आपल्याकडे जुनी भांडणं मिटवताना ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणायची रीत आहे. त्याने सोय होते, पण ज्याला लागलंय त्याचं दुखणं तसंच राहतं, कारण काय झालं होतं ते कुणी बोललेलंच नसतं. एमिनेम ती सोय घेत नाही. तो त्या जुन्या गाण्याचं नाव घेऊन त्याबद्दल माफी मागतो. ते गाणं आता मी कार्यक्रमात म्हणत नाही, रेडिओवर लागलं की अंग आकसतं, असं सांगतो. माफी मागणाऱ्याने गुन्ह्याचं नाव घेतलं आणि त्यापायी स्वतःचं काही सोडलं, की ऐकणाऱ्याला विश्वास ठेवायला काहीतरी हाताला लागतं. गाजलेलं गाणं मैफिलीतून काढून टाकणं, हे गायकाच्या दृष्टीने खिशाला चाट लावून घेणंच आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. तो तक्रार मागे घेत नाही. तेव्हा मी रागावलो होतो, कदाचित रागावण्यासारखंच होतं, असं तो म्हणतो. नाताळच्या आदल्या रात्री, कडाक्याच्या थंडीत आईने घराबाहेर काढलं आणि निदान कोट तरी घेऊ दे म्हणावं लागलं, हा प्रसंगही त्यात आहे. नेथनला नेल्याची सल आहे. पण या सगळ्याची गोळाबेरीज आता वेगळी येते. तू तुझ्या परीने आम्हा दोघांना वाढवलंस, मी तुला क्षमा केली, नेथननेही केली. आणि मग त्याची नजर वळते ती बापाकडे. बापाने आपल्या दोघांनाही सोडलं, एकाच बोटीत बसलेले आपण जवळ यायला हवे होतो, तर उलट एकमेकांच्या नरडीला लागलो. आयुष्यभर समोर असलेल्या आईवर राग काढला आणि पळून गेलेल्या बापाला कधी जाबच विचारला नाही, हे त्याला चाळिशीत उमगलं. माझी मुलं कुणी दूर नेली असती तर मी जगाच्या टोकापर्यंत शोधत गेलो असतो, असं तो म्हणतो, ते स्वतः बाप झाल्यामुळे.

गाण्याचं नाव ज्या प्रसंगावरून आलं तो अगदी साधा आहे. एका संध्याकाळी तो, त्याची एक मुलगी आणि नेथन हॅम्बर्गर आणायला बाहेर पडत होते. तेवढ्यात आईची गाडी दारात आली. मुलीची आजीशी ओळख करून दिली, मिठी मारली आणि आपापल्या गाड्यांतून सगळे आपापल्या वाटेने निघाले. मागे वळून पाहिलं तर आईच्या गाडीचे दिवे दिसत होते. त्या मुलीची आजीशी तेवढीच एक भेट. गाण्याच्या आधीच्या भागातही हेच दिवे येतात, सामानाने भरलेल्या गाडीतून आई आणि मुलगा आजीच्या घराकडे निघालेले असताना. अंत्यविधीलाही नात येणार नाही, असं जिथे एकदा सुनावलं होतं, तिथेच आता नातवंडं मोठी होताना तुला बघता आली नाहीत, याचं दुःख आहे. जुन्या गाण्यातला सर्वांत क्रूर शब्द त्याने असा परत घेतला.

हे तो विमानात बसून लिहितो आहे, विमान कोसळतं आहे असं वाटतं आणि राहून गेलेलं बोलायची घाई होते, असा गाण्याचा शेवट आहे. तू माझी आई होतीस आणि बापही, त्याबद्दल आभार मानायचे राहिले, असं तो म्हणतो. पण एक गोष्ट वाचकांनी नीट पाहावी. मी नेहमी दुरूनच तुझ्यावर प्रेम करीन, असं त्याचं म्हणणं आहे. ‘घरी ये’ हे शब्द त्यात नाहीत. अबोला सुटला, पण अंतर राहिलं. काहींना ही माफी अर्धवट वाटते. मला ती प्रामाणिक वाटते. जे निभावता येणार नाही त्याचं वचन त्याने दिलं नाही.

हे पत्र खासगीत का लिहिलं नाही, असाही प्रश्न येतो. माझं उत्तर सरळ आहे. अपमान जगासमोर झाला होता, कोपऱ्यात मागितलेल्या माफीने तो भरून आला नसता. ते ज्या अल्बममध्ये आलं त्याच्या मुखपृष्ठावर डेट्रॉइटमधलं त्याचं लहानपणीचं घर आहे, खिडक्या फळ्यांनी बंद केलेलं. अल्बम आला त्याच महिन्यात त्या रिकाम्या घराला आग लागली आणि ते पाडून टाकलं गेलं. पुढच्या वर्षी, ११ मे २०१४ला, अमेरिकेतल्या मातृदिनी, गाण्याचा व्हिडिओ आला. दिग्दर्शक स्पाइक ली. कॅमेरा आईच्या डोळ्यांनी बघतो. इतकी वर्षं मुलगा बोलत होता, इथे जग पहिल्यांदा तिच्या जागेवरून दिसतं.

नोव्हेंबर २०२२मध्ये मुलाला ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’चा मान मिळाला, तेव्हा डेबीने व्हिडिओवरून त्याचं अभिनंदन केलं, तुझा अभिमान वाटतो म्हणाली. २ डिसेंबर २०२४ला फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली, वयाच्या ६९व्या वर्षी. पत्र तिच्या हयातीत, अकरा वर्षं आधी पोचलं होतं.

ही दोन्ही गाणी ऐकायची असतील तर आधी २००२चं ऐका आणि लगेच ‘हेडलाइट्स’. दोन्हींत शिव्या आहेत, लहान मुलं जवळ असताना लावू नका. शब्द भराभर जातात, तेव्हा ओळी समोर ठेवून ऐका. पहिल्यातली नातीबद्दलची ओळ लक्षात ठेवा आणि दुसऱ्यात ती कुठे परत येते ते पाहा.