गिरण बंद, पण कधीपर्यंत?

गणपती जवळ आले की गुंजी, खानापूर भागातल्या बऱ्याच दुकानांच्या शटरवर एकच ओळ दिसते : ‘आज दुकान बंद आहे.’

गैरसमज : बंद आहे एवढं कळलं की पुरे.

वस्तुस्थिती : बंद आहे हे खाली ओढलेल्या शटरवरून कळतंच. गिऱ्हाइकाला हवी असते उघडण्याची तारीख. ‘आज’ तर दुसऱ्या दिवशीही तसाच लिहिलेला राहतो. ‘शुक्रवारपर्यंत बंद’ यानेही घोटाळा होतो, कारण शुक्रवारी यायचं की शनिवारी हे ठरत नाही. शेजारच्या गावातून दळणाचा डबा घेऊन चालत आलेल्या बाईची त्यात फुकट खेप होते. पिठाच्या गिरणीची सूचना अशी लिहिता येईल :

‘गणपतीनिमित्त गिरण रविवार, १३ ते शुक्रवार, १८ सप्टेंबर २०२६ बंद राहील. शनिवार, १९ सप्टेंबरला सकाळी ९ वाजता सुरू होईल. दळून ठेवलेलं पीठ शनिवार, १२ तारखेला संध्याकाळी ७ पर्यंत घेऊन जावं. काही काम असल्यास सकाळी १० ते १२ या वेळेत फोन करावा. तसदीबद्दल क्षमस्व.’

सूचनेखाली, गावात नसतानाही ज्यावर फोन उचलला जाईल असाच नंबर द्यावा. वरच्या बोर्डावरचा नंबर बहुधा दुकानातल्याच फोनचा असतो. शिवाय या भागात कन्नड वाचणारं गिऱ्हाईकही येतं, म्हणून खाली कन्नडमध्ये एक ओळ लिहावी आणि फलकावर तारखा व नंबर इंग्रजी आकड्यांत काढावेत. पीठ नेण्याची सूचना उपयोगी पडायची तर कागद आठवडाभर आधी लागला पाहिजे.

गैरसमज : अदबीनं लिहायचं म्हणजे लांबलचक लिहायचं.

वस्तुस्थिती : ‘कळविण्यास अत्यंत खेद होतो की’ अशा सुरुवातीत तारीख हरवते. एक ‘क्षमस्व’ पुरतं. घरात कुणी वारलं असेल तर ‘घरगुती कारणामुळे’ एवढंच लिहिलं तरी चालतं, सगळं सांगायची सक्ती नाही. उघडण्याचा दिवस ठरलेला नसेल तर अंदाजानं तारीख टाकू नये. ‘सुरू होण्याची तारीख सोमवारी इथेच लावू’ असं त्या सोमवारच्या तारखेसह लिहावं आणि सोमवारी खरंच लावावी. दिलेली तारीख चुकली की पुढच्या पाटीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

गैरसमज : व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलंय, कागदाची गरज नाही.

वस्तुस्थिती : स्टेटस २४ तासांत जातं आणि ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही त्यांना दिसतच नाही. सुट्टी सहा दिवसांची असेल तर रोज नव्यानं ठेवावं लागेल. कागद शटरच्या बाहेरच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर हवा. सप्टेंबरात खानापूर तालुक्यात पाऊस असतोच. साध्या स्केचपेनची शाई ओघळते, म्हणून पक्क्या मार्करनं लिहून कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालावा आणि पाकिटाचं तोंड खाली ठेवावं. गिरण उघडली की तो कागद त्याच सकाळी काढून टाकावा, नाहीतर दुपारी जेवायला शटर ओढल्यावर आलेला माणूस जुनी तारीख वाचून परत जातो.