तोंडाला चव नाही, पोटाला भूक नाही

१९७२ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात मायकेल हॅम्बिज हे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी धडधाकट मुलांच्या केसांतलं जस्त मोजत होते. मुलं खाऊन-पिऊन सुखी घरांतली होती, उपासमारीची शंका यावी असं कुणीच नव्हतं. तरीही चार वर्षांवरच्या दहा मुलांच्या केसांत जस्ताचं प्रमाण फारच कमी निघालं. त्यांतली बहुतेक मुलं वयाच्या मानाने बुटकी होती आणि ‘हा काही खातच नाही’ ही घरच्यांची जुनी तक्रार होती. मग यांतल्या सहा जणांची चव तपासली गेली, तर पाच जणांची जीभ मंदावलेली निघाली. जेवणातून थोडं जस्त दिल्यावर त्यांची चव परत आली.

चव तपासायची रीत साधी असते. जिभेवर एकामागून एक तीन थेंब टाकतात. दोन थेंब निव्वळ पाण्याचे असतात आणि एका थेंबात अगदी थोडं मीठ, साखर, आंबट किंवा कडू द्रव्य असतं. वेगळा थेंब कोणता, हे मुलाने सांगायचं. ओळखता आलं नाही तर द्रावण थोडं थोडं तीव्र करत जायचं. निरोगी जीभ जिथे ‘हा खारट’ म्हणते, तिथे या मुलांना तिन्ही थेंब पाण्याचेच वाटत होते. चार वर्षांचं मूल ‘मला चव लागत नाही’ असं कधीच सांगणार नाही, कारण चव लागणं म्हणजे काय याची तुलना त्याच्याकडे नसते. ते घास गालात धरून बसतं किंवा ताट सरकवतं. म्हणून हा दोष घरात बराच काळ हट्ट म्हणून खपून जातो.

जिभेचा आणि जस्ताचा संबंध येतो कुठून? चव ओळखणाऱ्या पेशी जिभेवरच्या बारीक कळ्यांमध्ये असतात. सतत गरम, आंबट, खरखरीत गोष्टींशी गाठ पडत असल्यामुळे या पेशी फार टिकत नाहीत. साधारण दहा दिवसांत जुन्या पेशी गळतात आणि खालून नव्या तयार होतात. पेशी विभागायची तर आधी तिच्यातल्या जनुकांची नक्कल व्हावी लागते, आणि ते काम करणाऱ्या प्रथिनांना जस्त लागतं. शरीरातल्या ज्या ज्या ऊती भराभर नव्या होतात, म्हणजे आतड्याचं अस्तर, त्वचा, केसांची मुळं, त्यांना जस्ताचा तुटवडा आधी जाणवतो. चवीच्या कळ्या याच गटातल्या. शिवाय जस्त कमी पडलेल्या उंदरांच्या जिभेवरची कातडी जाड आणि राठ होते. चवीचे रेणू कळीपर्यंत ज्या सूक्ष्म छिद्रांतून पोहोचायचे, तीच बुजायला लागतात.

दुसरा दुवा लाळेत आहे. कानापुढच्या लालाग्रंथीतून येणाऱ्या लाळेत एक एन्झाइम असतं, ज्याच्या गाभ्यातच जस्ताचा अणू बसलेला असतो. रॉबर्ट हेन्किन या अमेरिकी संशोधकाने त्याला ‘गस्टिन’ नाव दिलं. चवीच्या कळ्यांची वाढ आणि निगा यांत त्याचा हात असतो, असं त्यांनी मांडलं. जस्त कमी झालं की हे एन्झाइमही कमी पडतं. मग नव्या पेशी कमी तयार होतात, आणि ज्या होतात त्यांना पोसणारं द्रव्यही तोकडं पडतं.

पण मूल जेवत नाही, ते केवळ जेवण बेचव लागतं म्हणून, असं मानलं तर गोष्ट अर्धीच कळते. भूक मंदावण्याचा आणखी एक रस्ता आहे, आणि मला तो जिभेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. वाढत्या वयाच्या उंदरांना जस्त नसलेला आहार दिला की तीन ते पाच दिवसांतच त्यांचं खाणं घटतं. त्यानंतर ते ठरावीक लयीत कमी-जास्त होत राहतं: काही दिवस बऱ्यापैकी, मग काही दिवस जेमतेम. जेमतेम खाण्याच्या दिवसांत शरीर स्वतःचे स्नायू थोडे थोडे मोडतं आणि त्यांतून सुटलेलं जस्त वापरतं. या उंदरांना तोच जस्तहीन आहार नळीने बळेच भरवला, तर ते अधिक लवकर आजारी पडतात. याचा अर्थ असा की भूक मरणं हा इथे शरीराचा बचाव आहे. प्रत्येक नवी पेशी घडवायला जस्त लागणार, ते तर शिल्लक नाही. मग कमी खाऊन वाढच आवरती घेतलेली बरी. जस्ताचा असा साठाही शरीरात नसतो. लोह यकृतात साठतं, चरबी कातडीखाली साठते. जस्त मात्र स्नायूंत आणि हाडांत गुंतलेलं असतं आणि गरजेला सहज मोकळं होत नाही.

मेंदूतही याचे धागे सापडतात. भूक पेटवणारं न्यूरोपेप्टाइड वाय नावाचं द्रव्य अशा उंदरांच्या मेंदूत तयार तर होतं, पण ते जिथे काम करायचं तिथे पुरेसं सुटत नाही. जपानी संशोधकांना एक गंमतीची गोष्ट दिसली. तोंडावाटे जस्त दिलं की उंदीर थोड्याच वेळात जास्त खायला लागत, मात्र तेच टोचून दिलं तर लगेच फरक पडत नसे. पोटाकडून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस कापली की तोंडावाटे दिलेल्याचाही परिणाम नाहीसा होई. जिभेवरच्या नव्या पेशी तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो, भूक मात्र त्याआधीच परतते. म्हणजे भूक आणि चव यांचे रस्ते वेगळे आहेत. ते एकमेकांना जोर मात्र देतात, आणि त्यातून एक दुष्टचक्र सुरू होतं: जस्त कमी म्हणून खाणं कमी, खाणं कमी म्हणून जस्त आणखी कमी.

आता आपल्याकडचं एक ताट पाहू. चार वर्षांची मुलगी आहे. सकाळी एक पेला दूध आणि चार बिस्किटं, दुपारी वाटीभर वरणभात, संध्याकाळी पुन्हा पेलाभर दूध, रात्री तूपसाखरेची अर्धी पोळी. दोन पेले दुधातून साधारण दीड मिलिग्रॅम जस्त मिळतं. वरणभातातून पाऊण-एक, अर्ध्या पोळीतून त्याहून कमी, बिस्किटांतून नगण्य. बेरीज तीन मिलिग्रॅमच्या आसपास भरते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार या वयाला रोज साडेचार मिलिग्रॅम लागतं. त्यातही पोळी, भात, डाळ यांतलं सगळं जस्त अंगी लागत नाही. धान्याच्या कोंड्यात आणि डाळींत फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते आतड्यात जस्ताला बांधून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. १९६०च्या सुमारास इराणमधल्या शिराझमध्ये डॉ. आनंद प्रसाद यांनी वाढ खुंटलेले तरुण पाहिले, त्यांचा आहार मुख्यतः गव्हाच्या रोटीचाच होता. प्रसाद मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते, हे जगाला पटवून देण्याचं श्रेय त्यांना जातं.

या मुलीला पावसाळ्यात दोनदा जुलाब झाले की उरलंसुरलं जस्तही निघून जातं. म्हणून जुलाब झालेल्या सहा महिन्यांवरच्या बाळाला ओआरएसबरोबर रोज २० मिलिग्रॅम जस्ताची विरघळणारी गोळी १४ दिवस देतात. आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात ती मिळते. जुलाब थांबले की आई-वडील गोळी बंद करतात, हा नेहमीचा प्रकार. पण उरलेले दिवस हे गेलेलं जस्त भरून काढण्यासाठीच असतात, तेव्हा गोळ्या पुऱ्या करायला हव्यात.

ताट सुधारायला मोठी उलथापालथ लागत नाही. संध्याकाळचा दुधाचा पेला काढला तर रात्री पोटात जागा होते आणि पूर्ण पोळी जाते. एक अंडं, मोड आलेल्या मटकीची छोटी वाटी उसळ, दोन चमचे तिळाची चटणी, मूठभर भाजलेले शेंगदाणे, एवढं वाढलं की बेरीज साडेचारच्या घरात पोहोचते. घरात मांसाहार होत असेल तर मटणाच्या खिम्याचे दोन-तीन घास त्याहून अधिक भर टाकतात, आणि त्यातलं जस्त सहज शोषलं जातं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी फायटेट फुटतं. त्यामुळे मटकीची उसळ, आंबोळी, नाचणीची आंबील यांतलं जस्त त्याच धान्या-कडधान्याच्या साध्या पिठातल्या जस्तापेक्षा जास्त पदरात पडतं.

आता शंका उरते ती ओळखण्याची. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या सुमारे १९ टक्के मुलांच्या रक्तात जस्त कमी आढळलं. म्हणजे कमतरता दुर्मीळ नाही, पण न जेवणाऱ्या प्रत्येक मुलाचं कारण तीच आहे असंही नाही. एका मुलाबाबत निकाल देताना रक्ताची तपासणी लंगडी पडते. ताप किंवा संसर्ग असला की जस्त रक्तातून यकृतात जातं आणि आकडा खाली दिसतो. जेवणानंतरही तो उतरतो. नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तर उलट वर चढतो. डेन्व्हरच्या त्या केसांच्या तपासणीवरही आज एकट्या मुलाचं निदान कुणी करत नाही. नखांवरचे पांढरे ठिपके तर जस्ताचं लक्षण नाहीतच, ते बहुतेकदा बारीकसारीक धक्क्यांनी उमटतात. डॉक्टर पाहतात ते वेगळं: उंचीचा आलेख गेलं वर्षभर सपाट झाला आहे का, जुलाब वारंवार होतात का, जखमा रेंगाळतात का, तोंडाभोवती आणि गुदाभोवती पुरळ आहे का, आणि मूल दिवसभरात नेमकं काय खातं.

यावर डॉक्टर ठरावीक मुदतीसाठी जस्त देऊन पाहतात. कमतरता खरी असेल तर काही आठवड्यांत खाणं सुधारल्याचं घरच्यांनाच जाणवतं, उंचीचा फरक दिसायला मात्र महिने जातात. कमतरता नसेल तर फरक पडत नाही. हेन्किन यांनीच १९७६ मध्ये चव गेलेल्या १०६ जणांवर जस्त आणि साखरेच्या नकली गोळ्यांची तुलना केली, तेव्हा दोन्हींचा परिणाम सारखाच निघाला. तिथे जस्ताचा अभाव निवडून रुग्ण घेतले नव्हते. चव अनेक कारणांनी जाते, जस्त त्यांपैकी एक. ज्याच्या मनात जस्तावर एवढा विश्वास होता त्याने हा निकाल जसाच्या तसा छापला, याचं मला मोल वाटतं.

औषधाच्या दुकानातून भूक वाढवणारं म्हणून मिळणारं जस्ताचं सिरप महिनोन् महिने पाजणं मात्र टाळावं. जास्त जस्ताने आतड्यात तांबं शोषणं अडतं, त्यातून रक्तक्षय होतो आणि पांढऱ्या पेशी घटतात. उपाशी पोटी दिलं तर मळमळ, उलटी होते, तोंडात धातूची चव रेंगाळते, आणि आधीच जेवायला नको म्हणणारं मूल आणखी दूर पळतं. जस्त देऊनही सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांनी लोह, जंत, क्षयरोग, गव्हाची ॲलर्जी वाटावी असा सीलिॲक आजार आणि बद्धकोष्ठता यांकडे वळायला हवं. यांपैकी बद्धकोष्ठता आणि लोहाची कमतरता लहान मुलांची भूक फार वेळा खातात, आणि त्या दोन्हींमागे पुष्कळदा तेच दुधाचे पेले असतात.