खांबाची जागा काढता येते, चेहरा काढता येत नाही

लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटात कोरले गेले. त्याच्या लांबलचक दालनात दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांबांच्या रांगा असून स्तूपामागे आणखी सात साधे अष्टकोनी खांब आहेत. अशा दालनाचे छायाचित्र घेताना मध्ये उभे असलेले पर्यटक नंतर संगणकावर पुसून टाकावेत, ही इच्छा स्वाभाविक असली तरी आकाश, गवत किंवा वाळू यांच्या पार्श्वभूमीवर जे काम चुटकीसरशी होते तेच येथे फसते आणि पुसलेल्या माणसाच्या जागी लावलेले ठिगळ पाहणाऱ्याच्या नजरेला लगेच खुपते. याचे कारण खांबांच्या रांगेतच दडलेले आहे. गवताचे एक पाते कोठे असावे याविषयी डोळ्याची काहीच अपेक्षा नसते, परंतु चार खांब ओळीने दिसले की पाचवा कोठे आणि केवढा असावा याचा अंदाज डोळा आपोआप बांधतो, आणि त्या अंदाजापासूनचे थोडेसे विचलनही त्याच्या लक्षात येते.

माणूस पुसणारी अनेक साधने आजूबाजूच्या भागातून लहान तुकडे उचलून रिकाम्या जागेत बसवतात. 2009 मध्ये बार्न्स, शेख्तमन, फिंकेलस्टाइन आणि गोल्डमन यांनी मांडलेली ‘पॅचमॅच’ ही पद्धत असे जुळणारे तुकडे फार वेगाने शोधून देते. मात्र काही पिक्सेल रुंदीच्या तुकड्याला आपण कितव्या खांबाचे आहोत हे ठाऊक नसते. त्यामुळे कडा जुळली म्हणून जवळच्या खांबाचा रुंद तुकडा दूरच्या खांबावर बसतो, नाहीतर दोन खांबांमधली जागा आकसून तेथे अर्धाच खांब उगवतो. तुकडा स्वतः बिनचूक असतो, चूक असते ती त्याच्या जागेची आणि मापाची, आणि या दोन्ही गोष्टी भूमितीने ठरवता येतात.

कॅमेऱ्यात वस्तूची प्रतिमा तिच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात लहान होते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की प्रतिमा निम्मी होते. हिशेबाच्या सोयीसाठी असे मानू की खांबाचा मधला दंड 2.4 मीटर उंच आहे, खांबांची रांग दालनाच्या मध्यरेषेपासून 3 मीटर बाजूला आहे, दर 2 मीटरवर एक खांब आहे आणि मध्यरेषेवर उभा असलेला छायाचित्रकार कॅमेरा सरळ समोर रोखून आहे. साधारण मोबाइलच्या भिंगाने काढलेल्या चित्रात 6, 8, 10 आणि 12 मीटर पुढे असलेल्या खांबांचे दंड अनुक्रमे 1200, 900, 720 आणि 600 पिक्सेल उंच दिसतील. समांतर रेषा ज्या ठिकाणी एकत्र मिळाल्यासारख्या भासतात त्या लोपबिंदूपासून हे खांब आडव्या दिशेने 1500, 1125, 900 आणि 750 पिक्सेलवर येतील. प्रत्यक्षातले अंतर सगळीकडे सारखेच असले तरी चित्रात खांबांमधली अंतरे 375, 225 आणि 150 अशी झपाट्याने आटत जातात.

आता तिसऱ्या खांबापुढे एक पर्यटक उभा आहे असे समजू. दुसऱ्या आणि चौथ्या खांबांच्या बरोबर मधोमध ठिगळ लावले, तर ते लोपबिंदूपासून सुमारे 938 पिक्सेलवर आणि 750 पिक्सेल उंचीचे होईल. म्हणजे ते 38 पिक्सेल बाजूला सरकेल आणि 30 पिक्सेल उंच होईल, आणि रांग नेमकी तेथेच अडखळल्यासारखी दिसेल. योग्य जागा काढण्यासाठी सरासरी त्या अंतरांची न घेता त्यांच्या व्यस्तांची घ्यावी लागते. 9000 या सोयीच्या संख्येला 1125 ने भागले की 8 येतात, 750 ने भागले की 12 येतात, त्यांच्या मधली संख्या 10 आणि 9000 भागिले 10 म्हणजे 900. हाच हिशेब तयार झालेल्या चित्राची परीक्षा म्हणूनही वापरता येतो, कारण खांबांच्या अंतरांचे व्यस्त काढल्यावर ते समान पायऱ्यांनी वाढत नसतील तर कोठेतरी ठिगळ घसरले आहे, असे समजावे. संपादनाच्या काही प्रणालींत भिंतीच्या प्रतलावर चार कोपरे ठरवून दिले की त्या प्रतलावरची नक्कल आपोआप योग्य मापात होते. फोटोशॉपमधील ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ ही सोय याच तत्त्वावर चालते.

विटांच्या सपाट भिंतीसाठी ही सोय बऱ्याच अंशी पुरते. एका थरातल्या विटा खालच्या थरापेक्षा अर्ध्या विटेने सरकवलेल्या असतील, तर भिंतीचा नमुना एक थर सोडून पुन्हा येतो. म्हणून नक्कल उचलताना आडव्या दिशेने पूर्ण विटांच्या पटीत आणि उभ्या दिशेने दोन थरांच्या पटीत सरकावे लागते, नाहीतर उभे सांधे एकमेकांवर येऊन भिंतीत चीर पडल्यासारखी दिसते. खांब मात्र सपाट नसतो. वरच्या उदाहरणात 6 मीटरवरचा खांब कॅमेऱ्याच्या सरळ दिशेशी सुमारे 27 अंशांचा कोन करतो, तर 12 मीटरवरचा सुमारे 14 अंशांचा. त्यामुळे अष्टकोनी दंडाच्या ज्या बाजू जवळच्या खांबावर रुंद दिसतात त्या दूरच्या खांबावर वेगळ्या रुंदीच्या दिसतात, आणि केवळ आकार कमी करून हा फरक भरून निघत नाही. म्हणून नक्कल शेजारच्याच खांबाची घ्यावी आणि शक्यतो जवळच्या खांबावरून दूरच्यावर न्यावी, कारण लहान प्रतिमा ताणून मोठी केली की ती धूसर होते.

यानंतर उजेडाची अडचण येते. कार्ल्याच्या दालनात प्रकाश मुख्यतः दर्शनी भागातल्या नालेच्या आकाराच्या मोठ्या कमानीतून येतो आणि आत जावे तसा मंदावतो, म्हणून पुढच्या खांबाचा तुकडा मागे बसवला की तो दिवा लावल्यासारखा उजळ दिसतो. पेरेझ, गँग्ने आणि ब्लेक यांनी 2003 मध्ये सुचवलेल्या पद्धतीत तुकड्यातील रंगांची मूल्ये उचलण्याऐवजी शेजारशेजारच्या पिक्सेलमधले फरक उचलले जातात आणि मूल्यांचा पाया रिकाम्या जागेच्या कडेवरून घेतला जातो. त्यामुळे छिन्नीच्या खुणा मूळ खांबाच्या राहतात, पण उजेड नव्या जागेचा होतो. या पद्धतीची मर्यादा अशी की निवडीची कड खांब आणि त्यामागचा काळोख यांच्या सीमेला स्पर्श करत असेल, तर काळोख आत झिरपून खांबावर डाग पडल्यासारखा दिसतो. म्हणून ती कड एकतर पूर्णपणे दगडावर किंवा पूर्णपणे काळोखावर ठेवावी लागते.

एवढी मेहनत घेऊनही एक दोष उरतोच. दोन खांबांवर अगदी तीच चीर, तोच टवका आणि तोच ओलीचा डाग दिसला की जाणकाराला नक्कल ओळखता येते, कारण दोन हजार वर्षे झिजलेले दोन खांब आराखड्याने सारखे असले तरी झीज सारखी नसते. बनावट छायाचित्रे पकडणारे तज्ज्ञही हेच तत्त्व वापरतात आणि चित्रातले ठिपक्या-ठिपक्यांनी जुळणारे भाग शोधतात. कार्ल्यात तर हा दोष केवळ दिसण्यापुरता राहत नाही. दोन्ही बाजूंच्या खांबांना कुंभासारखे तळखडे आहेत आणि वर गुडघे टेकलेल्या हत्तींवर बसलेल्या आकृती आहेत, पण प्रत्येक शिल्प वेगळे आहे. शिवाय अनेक खांबांवर तो खांब कोणी दान दिला हे सांगणारे ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख कोरलेले आहेत. त्यांत धेनुकाकट या गावचे, स्वतःला यवन म्हणवणारे दातेही आहेत. एका खांबाचा लेखयुक्त भाग शेजारच्या खांबावर चिकटवला, तर छायाचित्रात एका दात्याचे दान दुसऱ्याच्या नावावर चढते.

यावरचा खरा उपाय छायाचित्र काढतानाच करावा लागतो, आणि तो म्हणजे पर्यटकाआडचा खांब दुसऱ्या कोणत्या तरी क्षणी त्याच कॅमेऱ्याला दिसू देणे. कॅमेरा न हलवता, उजेडाचे आणि रंगाचे माप कायम ठेवून, वीस-तीस सेकंदांच्या अंतराने नऊ छायाचित्रे घेतली असे समजू. दगडावरच्या एका ठिपक्याची उजळता त्यांत 112, 110, 113, 46, 111, 109, 187, 112 आणि 48 अशी नोंदली गेली, तर 46 आणि 48 म्हणजे कोणाचे तरी काळे कपडे आणि 187 म्हणजे पांढरी टोपी हे उघड आहे. या नऊ मूल्यांची सरासरी सुमारे 105 येते आणि ती घेतल्यास दगडावर माणसांचे फिके भूत उरते. परंतु मूल्ये चढत्या क्रमाने लावून मधले मूल्य, म्हणजेच मध्यक, घेतले तर ते 111 येते आणि माणूस नाहीसा होतो. अट एवढीच की प्रत्येक ठिपका नऊपैकी किमान पाच छायाचित्रांत मोकळा असला पाहिजे. खांबाला टेकून पाच मिनिटे बसून राहिलेला माणूस या पद्धतीने जात नाही. उलट त्याचाच चेहरा पार्श्वभूमी म्हणून पक्का होतो.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला सहसा पूर्वपरवानगी लागते, म्हणून अनेकजण छायाचित्रे हातात कॅमेरा धरूनच घेतात आणि ती नंतर संगणकावर एकमेकांवर जुळवतात. येथेही खांब दगा देतात. हात केवळ 3 सेंटिमीटर बाजूला सरकला, तर वरच्या उदाहरणात 6 मीटरवरचा खांब 15 पिक्सेल आणि 12 मीटरवरचा साडेसात पिक्सेल हलतो. त्यामुळे एक खांब जुळवला की दुसरा निसटतो आणि त्याला दुहेरी कड येते. कॅमेरा एखाद्या भक्कम आधाराला टेकवून धरला तर ही चूक बरीच घटते. उरलेली चूक मिटवण्यासाठी संपूर्ण चित्र एकदम जुळवण्याऐवजी प्रत्येक खांबाचा भाग स्वतंत्रपणे जुळवून मगच मध्यक काढावा.

म्हणजे कामाचा क्रम असा लागतो: बहुतेक दगड मध्यकातून मिळवावा, जो भाग पाचपेक्षा कमी छायाचित्रांत मोकळा दिसला तो ज्या एखाद्या छायाचित्रात दिसतो तेथून हाताने उचलावा, आणि जो एकाही छायाचित्रात दिसला नाही तेवढ्यापुरतीच व्यस्तांच्या हिशेबाने जागा ठरवून शेजारच्या खांबाची नक्कल वापरावी. त्या नकलेत लेख किंवा शिल्प येऊ देऊ नये, फक्त दंडाचा साधा दगड घ्यावा, आणि चित्राखालच्या ओळीत कोणत्या खांबाचा कोणता भाग भरलेला आहे हे नमूद करावे. असे केल्यास चित्र पाहून एका रांगेतले खांब मोजणाऱ्याला पंधराच खांब सापडतील, आणि लेख वाचणाऱ्याला कोणताही दाता दोनदा भेटणार नाही.