धंदा कंपनीकडे जातो तेव्हा

एकट्या मालकाचा व्यवसाय प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत नेताना बहुतेकांना वाटतं की फक्त नाव बदलतं. कायदा तसं मानत नाही. मालक आणि त्याची प्रोप्रायटरशिप या कायद्यापुढे एकच व्यक्ती असतात, कंपनी मात्र वेगळी व्यक्ती. त्यामुळे धंद्याची जमीन किंवा मशिनरी कंपनीकडे गेली की ते हस्तांतरण ठरतं, आणि हस्तांतरण म्हटलं की भांडवली नफ्यावरचा कर आला.

समजा, एका फॅब्रिकेशन व्यावसायिकाच्या ३१ मार्चच्या ताळेबंदात जमीन २० लाख, शेड आणि मशिनरी ३० लाख, माल २० लाख, ग्राहकांकडून येणी २५ लाख आणि बँकेत ५ लाख आहेत, म्हणजे एकूण मालमत्ता एक कोटी. बँकेचं कर्ज ३५ लाख, पुरवठादारांची देणी १५ लाख. उरलेले ५० लाख मालकाच्या भांडवल खात्यात. पूर्वी २० लाखांना घेतलेल्या या जमिनीचं आजचं सरकारी मूल्यांकन ९० लाख आहे. ती पुस्तकी किमतीलाच कंपनीला दिली, तरी आयकर खातं ९० लाखच विक्रीची किंमत धरू शकतं. हातात पैसा आलेला नसताना मोठ्या नफ्यावर कर भरायची वेळ येईल.

हा कर टळावा म्हणून १९६१च्या आयकर कायद्यात, कलम ४७च्या चौदाव्या उपकलमात, सूट दिलेली आहे. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.) सूट मिळायला तीन अटी आहेत. धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीकडे गेली पाहिजेत. कंपनीतल्या एकूण मताधिकारापैकी किमान ५० टक्के मालकाकडे हवा आणि तो पाच वर्षं टिकला पाहिजे. शिवाय मालकाला या व्यवहारात शेअरखेरीज कोणताही मोबदला किंवा लाभ, थेट वा आडवळणाने, मिळता कामा नये.

पहिली अट मोडते ती जमिनीपाशी. मुद्रांक शुल्क वाचवायला मालक जमीन स्वतःच्या नावावर ठेवतो आणि बाकीचा धंदा कंपनीला देतो. पण जमीन धंद्याच्या ताळेबंदात असेल तर ‘सगळी मालमत्ता’ गेली असं म्हणता येत नाही. आयकरातली सूट मुद्रांक शुल्काला लागू नाही, त्यामुळे तो खर्च आधीच हिशोबात धरावा.

तिसरी अट बहुतेक वेळा जमाखर्चात मोडते. आपल्या उदाहरणात मालक आणि त्याची पत्नी प्रत्येकी ५० हजार रुपये रोख घालून कंपनी स्थापन करतात. मग धंदा घेण्याच्या करारानुसार कंपनी आपल्या पुस्तकात जमीन २०, शेड-मशिनरी ३०, माल २०, येणी २५ आणि बँक ५ लाख नावे टाकते. जमेला बँकेचं कर्ज ३५, पुरवठादार १५ आणि भागभांडवल ५० लाख येतं. दहा रुपयांचे पाच लाख शेअर मालकाला मिळतात, आणि त्याचा हिस्सा ९९ टक्क्यांच्या वर राहतो.

चूक होते ती अशी: शेअर फक्त १० लाखांचे दिले जातात आणि उरलेले ४० लाख ‘संचालकाकडून कर्ज’ म्हणून दाखवले जातात. पुढे सोयीने काढून घेता यावेत हा हेतू. पण कंपनीने मालकाला ४० लाख देणं लागणं हा शेअरखेरीजचा लाभच आहे. नंतर मालकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत कंपनीला दिलेलं कर्ज ही वेगळी गोष्ट. म्हणून हस्तांतरणाच्या दिवशीच्या पहिल्या ताळेबंदात मालकाच्या नावावर काही देणं दिसतंय का, हे आधी तपासावं.

करासाठी जुनाच इतिहास पुढे चालतो. ही जमीन कंपनीने पुढे विकली, तर खरेदी किंमत मालकाची, म्हणजे २० लाखच धरली जाते. व्यवहार वर्षाच्या मध्यावर झाला, तर त्या वर्षाचा घसारा मालक आणि कंपनी यांच्यात दिवसांच्या प्रमाणात वाटला जातो. दोघांनाही पूर्ण घसारा मिळत नाही. धंद्याचा जुना तोटाही अटी पाळल्या तर कंपनीला पुढे ओढता येतो.

पाच वर्षांची अट सर्वांत उशिरा आठवते. तिसऱ्या वर्षी गुंतवणूकदार येतो, ६० टक्के शेअर मागतो आणि मालक तयार होतो. त्याच वर्षी माफ झालेला भांडवली नफा करपात्र होतो, आणि तो मालकाच्या नव्हे, कंपनीच्या उत्पन्नात धरला जातो. पुढे ओढलेल्या तोट्याचा कंपनीने घेतलेला फायदाही परत उत्पन्नात मिळवला जातो. म्हणजे जुन्या सुटीची किंमत नव्या भागीदारालाही मोजावी लागते. अशा बोलणीत हस्तांतरणाची तारीख पहिल्याच बैठकीत समोर ठेवावी. पाच वर्षं पूर्ण व्हायची असतील, तर मालकाचा स्वतःचा मताधिकार निम्म्याखाली जाणार नाही अशीच करारात तरतूद करावी.