डॉलरचं व्याज, रुपयांचा हिशेब

अमेरिकी सरकारला दिलेलं कर्ज जगातलं सगळ्यात सुरक्षित मानलं जातं. तरीही मार्च २०२० च्या अखेरीस एखाद्या भारतीयाने एक लाख रुपयांचे डॉलर करून ते वर्षभरासाठी अमेरिकी ट्रेझरी बिलात ठेवले असते, तर मार्च २०२१ अखेर त्याच्या हातात साधारण ९७,६६० रुपये पडले असते. अमेरिकी सरकारने एक सेंटही बुडवला नव्हता, ठरलेलं व्याजही चुकतं केलं होतं. मग दोन हजारांवर रुपये गेले कुठे?

ते गेले विनिमय दरात. डॉलर घेतले तेव्हा एका डॉलरला ७५.३९ रुपये मोजावे लागत होते, परत विकले तेव्हा ७३.५० च मिळाले. लाखाचे १,३२६ डॉलर झाले, त्यावर वर्षाचं व्याज ०.१७ टक्के, म्हणजे जेमतेम सव्वादोन डॉलर. एवढ्याशा व्याजाने रुपयाच्या वधारण्याची भरपाई होणं शक्यच नव्हतं.

आता हाच व्यवहार दोन वर्षांनी केला असता तर काय झालं असतं ते पाहू. मार्च २०२२ अखेर डॉलर ७५.८१ रुपयांना होता आणि एक वर्षाच्या अमेरिकी बिलावर १.६३ टक्के व्याज होतं. आपल्याकडचं ३६४ दिवसांचं ट्रेझरी बिल तेव्हा पाच टक्क्यांपेक्षा कमी देत असलं, तरी १.६३ पेक्षा कितीतरी जास्त देत होतं. साध्या हिशेबाने अमेरिकेकडे बघायचंही कारण नव्हतं. पण त्या वर्षी युक्रेनच्या युद्धाने तेल भडकलं, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर झपाट्याने वाढवले आणि मार्च २०२३ अखेर डॉलर ८२.२२ वर गेला. लाखाचे १,१०,२०० झाले, म्हणजे दहा टक्क्यांहून थोडे जास्त. त्यातले साडेआठ टक्के नुसत्या चलनाने दिले.

असं काही झालं की दुसऱ्या वर्षी गर्दी होते. शिवाय मार्च २०२३ अखेर अमेरिकी बिलाचं व्याज ४.६४ टक्क्यांवर चढलेलं होतं. म्हणजे व्याजही भरपूर, वर रुपया घसरतोय. पण पुढच्या वर्षात रुपया जवळपास एका जागी बसून राहिला. मार्च २०२४ अखेर डॉलर ८३.३७ ला होता. लाखाचे १,०६,१०० झाले. इथे मुंबईत ३६४ दिवसांच्या सरकारी बिलावर त्याच काळात सुमारे ७.३ टक्के मिळत होते, डॉलरच्या वाटेला न जाता.

तिन्ही वर्षांकडे एकत्र बघितलं तर वर्षभराच्या गुंतवणुकीत व्याजाचा आकडा परताव्याबद्दल फारसं सांगत नाही, हे दिसतं. १.६३ टक्केवाल्या वर्षाने दहा दिले आणि ४.६४ टक्केवाल्याने सहा.

हिशेबाची रीत सोपी आहे, पण एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. व्याज आणि चलनातला बदल यांची बेरीज नव्हे, गुणाकार करायचा. २०२२-२३ मध्ये डॉलर ८.४६ टक्के महागला आणि व्याज १.६३ टक्के होतं. बेरीज १०.०९ होते, पण १.०८४६ गुणिले १.०१६३ केलं की १०.२ टक्के येतात, कारण मिळालेल्या व्याजाचेही महागलेल्या दराने रुपये होतात. एका वर्षात हा फरक चिल्लर आहे. दहा वर्षांत तो चिल्लर राहत नाही.

खरा उपयोगाचा प्रश्न मात्र व्यवहार करण्याआधी विचारायचा असतो: डॉलर कुठे पोचला तर माझे इथले आणि तिथले पैसे सारखे होतील? मार्च २०२३ चंच उदाहरण घ्या. इथे १०० चे १०७.३० होणार, तिथे १०० चे १०४.६४. पहिल्याला दुसऱ्याने भागलं तर १.०२५४ येतात. म्हणजे डॉलर वर्षभरात अडीच टक्के महागायला हवा, ८२.२२ वरून ८४.३१ वर. तिथे पोचला तर बरोबरी, त्याच्या पुढे गेला तर अमेरिकी बिलात फायदा, अलीकडे राहिला तर इथलंच बिल बरं. तो ८३.३७ वर थांबला. ‘रुपया घसरेल’ हा अंदाज बरोबरच होता, पण तो पुरेसा घसरला नाही. हा बरोबरीचा दर न काढता डॉलरमध्ये पैसे नेणारा माणूस नेमकी कशावर पैज लावतोय हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं.

गंमत अशी, की बँकेकडे वर्षानंतरच्या डॉलरचा भाव आजच बांधून मागितला, तर बँक साधारण याच दराच्या आसपासचा भाव सांगते. दोन देशांतल्या व्याजाचा फरक त्या भावात आधीच घातलेला असतो. त्यामुळे चलनाची जोखीम नको म्हणून भाव बांधून घेतला, तर परतावा फिरून भारतीय व्याजदराच्या जवळच येतो. जोखीम न घेता दोन्हीकडचं गोड खायला मिळत नाही.

आतापर्यंतचे आकडे बाजारातल्या संदर्भ दराचे आहेत. आपल्यासारख्याला त्या दराने डॉलर मिळत नाही. घेताना बँक वर काही पैसे लावते, विकताना काही कापते. समजा दोन्ही वेळा ७५ पैसे गेले. मग २०२३-२४ मध्ये डॉलर ८२.९७ ला घेतला आणि ८२.६२ ला विकला, म्हणजे कागदोपत्री डॉलर महागूनही आपल्याला चलनात थोडा तोटाच झाला. सहा टक्क्यांवरचा परतावा ४.२ वर आला. बँकेचं शुल्क, दलाली आणि रूपांतरावरचा जीएसटी यात धरलेलाच नाही. हा खर्च एकदा जाताना आणि एकदा येताना होतो, म्हणून मुदत जितकी लांब तितका तो वर्षागणिक कमी बोचतो. वर्षभरासाठी पैसे नेऊन परत आणणं हा बहुधा बँकेच्या फायद्याचा उद्योग आहे.

मग दहा वर्षांचे रोखे घ्यावेत का? तिथे तिसरी गोष्ट हिशेबात शिरते, ती म्हणजे रोख्याची किंमत. मुदतीपर्यंत धरला तर मुद्दल पूर्ण मिळतं. पण मध्येच विकावा लागला आणि दरम्यान व्याजदर वाढलेले असले, तर जुना, कमी व्याजाचा रोखा कोणी पूर्ण किमतीला घेत नाही. २०२१ संपताना अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्यावर दीड टक्का परतावा होता, २०२२ संपताना ३.९ च्या जवळ. १०० डॉलरला घेतलेला रोखा त्यामुळे साधारण ८२ डॉलरचा झाला. त्याच वर्षी डॉलर ७४.३० वरून ८२.७९ रुपयांवर गेला होता, म्हणजे अकरा टक्के वर. तरीही वर्षअखेरीस विकणाऱ्या भारतीयाला व्याज धरून रुपयांत सुमारे सात टक्के तोटा झाला असता. रुपया पडला की परदेशी रोख्यात पैसे होतातच, असं मानणाऱ्याने हे वर्ष पाठ करून ठेवावं.

‘पण रुपया शेवटी पडतोच ना?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, आणि तो अगदीच खोटा नाही. मार्च २००० मध्ये डॉलर ४३.६१ रुपयांना होता, मार्च २०२४ मध्ये ८३.३७ ला. चोवीस वर्षांत दरसाल सरासरी २.७ टक्के. आपली महागाई अमेरिकेपेक्षा बहुतेक काळ जास्त राहिली, हे त्यामागचं मुख्य कारण. आपल्याकडचे व्याजदर जास्त असतात त्याचंही हेच कारण, म्हणून रुपयाच्या सरासरी घसरणीचा मोबदला देशी रोख्यात बऱ्याच अंशी आधीच मिळालेला असतो.

आणि सरासरी कुणाच्या वाट्याला नेमकी येत नाही. मार्च २००२ मध्ये डॉलर ४८.८० ला होता. सहा वर्षांनी, मार्च २००८ मध्ये, तो ३९.९७ वर उतरला. डॉलरमध्ये दरसाल पावणेपाच टक्के व्याज मिळालं असं धरलं, तरी सहा वर्षांत लाखाचे एक लाख आठ हजार. त्यापेक्षा इथल्या पोस्टातल्या ठेवीने कितीतरी जास्त दिलं असतं. शिवाय रुपया डॉलरपुढे पडला म्हणजे सगळ्यांपुढे पडतो असंही नाही. मार्च २०२१ मध्ये १०० जपानी येनला ६६ रुपये पडत होते, तीन वर्षांनी ५५. जपान सरकारच्या रोख्यावर तेव्हा व्याज जवळपास शून्य होतं. तो घेणाऱ्याचा सहावा हिस्सा तीन वर्षांत विरघळला.

करांकडेही बघायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली भारतात राहणारी व्यक्ती आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते. एप्रिल २०२५ पासून गुंतवणुकीसाठी वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस आधी कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून मिळतो, पण तोवर अडकून पडतो आणि त्यावर व्याज सुटत नाही. रोख्याचं व्याज इथे आपल्या टप्प्याप्रमाणे करपात्र असतं. आणि नफा रुपयांत मोजायचा असल्यामुळे १०० डॉलरचा रोखा १०० डॉलरलाच परत मिळाला, तरी मधल्या काळात डॉलर महागला असेल तर तो नफा धरून त्यावर कर लागतो. विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात नोंद करायची राहिली, तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली मोठा दंड होऊ शकतो. लहान रकमेसाठी सीएची फीच परताव्याचा बराच भाग खाईल.

हे सगळं धरूनही एका प्रकारच्या माणसाला हे रोखे खरोखर उपयोगी आहेत: ज्याचा पुढचा खर्चच डॉलरमध्ये आहे. तीन वर्षांनी मुलीला अमेरिकेत एमएससाठी पाठवायचं असेल, तर रुपया वर गेला काय की खाली आला काय, फीचे डॉलर ठरलेले आहेत. फी भरायची वेळ येईल तेव्हाच पूर्ण होणारा रोखा घेतला, तर चलनाची चिंता मिटते आणि मध्येच पडत्या किमतीला विकायची पाळीही येत नाही. त्याने परतावा रुपयांत मोजूच नये. उरलेल्यांनी, म्हणजे ज्यांना इथेच राहायचं आणि इथेच खर्च करायचा आहे, त्यांनी आधी बरोबरीचा दर काढावा, त्यात बँकेचे पैसे मिळवावेत आणि डॉलर त्याच्याही पुढे जाईल असं मानायला आपल्याकडे काही ठोस कारण आहे का ते तपासावं. नसेल, तर भारत सरकारचे रोखे रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून थेट घेता येतात, आणि त्यासाठी एकही डॉलर विकत घ्यावा लागत नाही.