ड्रेन पाइपचं तोंड जमिनीवर नको

फ्रंट लोड मशीन चालू आहे, पाणी आत येतानाचा आवाजही येतोय, पण काचेतून पाहावं तर कपडे जेमतेम ओलसर. थोड्या वेळाने पाणी भरत नसल्याची सूचना झळकते आणि मशीन थांबतं. नळाला कमी पाणी असेल म्हणून आपण सोडून देतो. अशा वेळी आधी मशीनच्या मागे ड्रेन पाइप कुठे सोडलाय ते पाहावं. आपल्या फ्लॅटमध्ये तो बऱ्याचदा थेट ड्राय बाल्कनीच्या जाळीवर टाकलेला असतो.

पंपाने एकदा पाणी बाहेर काढलं की पाइप पाण्याने भरतो. त्याचं तोंड ड्रमच्या खाली असेल, तर पंप थांबल्यावरही खाली उतरणारं पाणी मागचं पाणी ओढत राहतं. यालाच सायफन म्हणतात. नळातून येणारं पाणी साबणासकट गटारात जातं.

याची खात्री सहज करता येते. पाणी भरत असताना मशीन बंद करून प्लग काढा. ड्रेन पाइपातून धार चालूच असेल आणि पाइपाचं तोंड उचलून ड्रमच्या वर धरल्यावर ती थांबली, तर दोष उंचीचा आहे. प्लग काढूनही ड्रममध्ये पाणी येतच राहिलं, तर मात्र इनलेट व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये. तो बदलावाच लागतो.

नुसता पाइप वर अडकवून पुन्हा जाळीपर्यंत खाली सोडला, तर सायफन कायम राहू शकतो. भिंतीला दीड-दोन इंची पीव्हीसी पाइप उभा बसवावा, त्याचं खालचं टोक जाळीवर आणि वरचं तोंड जमिनीपासून साधारण ७५ सेंटिमीटरवर. त्यात ड्रेन पाइप दहा-पंधरा सेंटिमीटरच घालायचा आणि पट्टीने बांधायचा, नाहीतर पंपाच्या झटक्याने तो निसटून घरभर पाणी होतं. भोवतीची फट टेपने बुजवू नये. तिथून हवा शिरते म्हणूनच सायफन तुटतो. बहुतेक फ्रंट लोड मशीनांना ६० ते १०० सेंटिमीटर उंची चालते. त्याहून वर नेलं की पंपावर ताण येतो आणि थोडं पाणी ड्रममध्ये परत येतं.

हे सगळं पंप असलेल्या मशीनचं. आपल्याकडच्या अनेक टॉप लोड आणि सेमी-ऑटोमॅटिक मशीनांना पंपच नसतो. त्यांचं पाणी उतारानेच जातं, त्यामुळे त्यांचा पाइप खालीच ठेवावा लागतो. वर बांधला तर पाणी टबातच साचतं. मशीन कोणत्या जातीचं, हे माहितीपुस्तिकेत आधी बघावं.

इनलेट पाइपाला सायफनची भीती नाही, पण त्यात नळाचा दाब सतत असतो. नळ मशीनच्या वर, हात पोचेल असा हवा आणि पाइप ताणलेला किंवा मुडपलेला नको. जोडावर पाणी पाझरलं तर पान्याने आवळत सुटण्याआधी आतला रबरी वॉशर काढून पाहावा. तो चिरलेला किंवा तिरका बसलेला असतो. आणि धुणं झालं की नळ बंद करावा, म्हणजे घरी कोणी नसताना पाइप फुटला तरी पाणी येणार नाही.